तुमच्या फाउंडेशनची शेवटची शेड आणि माझी मान

सप्रेम नमस्कार,

तुमचं मॅट फाउंडेशन मी गेल्या दिवाळीपासून वापरते. पत्र लिहायची वेळ आली ती गेल्या महिन्यात. तुमच्या बारा शेडमधली सगळ्यात गडद, म्हणजे बारावी शेड, आमच्या सोलापुरात मिळेना आणि ऑनलाइनही दिसेना. कस्टमर केअरला फोन केला, तर उत्तर आलं, "मॅडम, त्या शेडला मागणी कमी आहे. तुम्ही अकरावी घ्या, चेहरा जरा उजळ दिसेल." मला उजळ दिसायचं नाही. मला माझ्या रंगाचं फाउंडेशन हवं आहे आणि त्यासाठी मी पैसे मोजते आहे.

मी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते, त्यामुळे मेकअप हा माझ्या कामाचा भाग आहे. तुमच्या मालातलं जे चांगलं आहे ते आधी सांगते. मे महिन्यात, स्टेजच्या दिव्यांखाली चार-पाच तास उभं राहूनही हे फाउंडेशन ओघळत नाही. नाकाच्या बाजूला साचत नाही, हसताना तोंडाशी फाटत नाही. साडेसातशे रुपयांत असं टिकणारं दुसरं मला अजून सापडलेलं नाही. म्हणूनच ते सोडून द्यायला जीव होत नाही आणि म्हणूनच एवढा राग येतो.

तुमच्या बारांपैकी पहिल्या नऊ शेड गोऱ्यापासून गव्हाळ रंगापर्यंत आहेत. पहिल्या तीन तर हातावर शेजारी शेजारी लावल्या तरी वेगळ्या ओळखू येत नाहीत. सावळ्या आणि काळ्या रंगांसाठी उरतात तीन, आणि अकरावी ते बारावी ही उडी एवढी मोठी आहे की माझ्यासारख्या कितीतरी जणी त्या फटीत पडतात. अकरावी लावली की जबड्याच्या कडेला रेघ दिसते, वर एक रंग आणि खाली मानेचा दुसरा. बारावी लावली की चेहऱ्यावर राख फासल्यासारखं दिसतं. नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमाच्या फोटोंत माझा चेहरा राखाडी आणि गळा तपकिरी आहे. आयोजकांनी ते फोटो छापले, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

ही राख कुठून येते, ते मी समजून घेतलं. फाउंडेशनचा रंग मुख्यतः चार पावडरींतून बनतो. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरं, आणि लोखंडाची तीन ऑक्साइडं: लाल, पिवळं, काळं. त्वचा झाकण्याचं काम बरंचसं पांढरी पावडर करते, त्यामुळे फिक्या शेडमध्ये ती भरपूर असते आणि ते बरोबरच आहे. गडद शेड करताना मात्र पांढरं कमी करून झाकण्याचं काम लाल-पिवळ्या ऑक्साइडांकडे द्यावं लागतं. तसं न करता फिक्या शेडचाच बेस ठेवून त्यात काळं वाढवलं, तर पांढऱ्यात काळं मिसळून राखाडीच होणार. शिवाय तुमच्या बाटलीवर एसपीएफ लिहिलं आहे, आणि ते देणारी टायटॅनियम डायऑक्साइडची मात्रा बाराही शेडमध्ये सारखीच छापलेली आहे. म्हणजे गडद शेडमध्येही तेवढं पांढरं आहेच. फोटोच्या फ्लॅशमध्ये ते आणखी वर येतं. रंगांची यादी तर बाटलीच्या मागे 'असू शकतात' या मथळ्याखाली सगळ्या शेडना एकच आहे. त्यामुळे माझ्या बाटलीत कोणता रंग किती, हे गिऱ्हाइकाला कळायला काहीच मार्ग नाही.

मग मी मिसळू लागले. बारावीचे दोन पंप, अकरावीचा एक, आणि राखाडीपणा मारायला नारिंगी करेक्टरचा ठिपका. तळहातावर एकजीव करून लावलं की रंग जमतो. पण हिशेब बघा. एका फाउंडेशनसाठी दोन बाटल्या, म्हणजे दीड हजार, करेक्टर वेगळा. बारावी संपते तेव्हा अकरावी निम्मी शिल्लक असते, आणि उघडल्यावर बारा महिने हे चिन्ह तुम्हीच बाटलीवर छापलं आहे. गोऱ्या मैत्रिणीला जे साडेसातशेत मिळतं, त्याला मला दुप्पट लागतात.

सुरुवातीला माझी मागणी साधी होती: शेड वाढवा. आता ती बदलली आहे. दरम्यान मी दुसऱ्या एका कंपनीचं महाग फाउंडेशन घेऊन पाहिलं. त्यांच्याकडे गडद शेड तुमच्या दुप्पट आहेत, पण सगळ्यांत तीच राख, फक्त कमी-जास्त काळी. सावळ्या रंगातही कुणाचा कल पिवळ्याकडे असतो, कुणाचा लालसर, कुणाचा हिरवटपणाकडे. गोऱ्या शेडमध्ये तुम्ही हे तिन्ही कल दिले आहेत. आमच्या तीन शेडमध्ये एकच कल आहे, आणि तो माझा नाही. त्यामुळे नुसता आकडा वाढवून भागणार नाही, बेसच वेगळा करावा लागेल.

मागणी कमी, हे कारण मला पटत नाही. आमच्याकडच्या दुकानात तुमच्या स्टँडवर टेस्टर आहेत ते आठवी शेडपर्यंत. बारावीची बाटली न उघडता, अंदाजाने घ्यायची. काउंटरवरची मुलगी फाउंडेशन मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दाखवते, आणि ती जागा बहुतेक सगळ्यांची चेहऱ्याहून फिकी असते. ट्यूबलाइटखाली सगळंच जुळल्यासारखं वाटतं. घरी गेल्यावर जुळत नाही, मग बाई पुन्हा येत नाही, आणि तुमच्या कागदावर मागणी कमी दिसते. रिहानाच्या फेंटी ब्यूटीने २०१७ मध्ये एकदम ४० शेड आणल्या, तेव्हा अनेक दुकानांतून गडद शेड झटपट संपल्याच्या बातम्या होत्या. त्याच्याही आधी शिकागोमध्ये युनिस जॉन्सन यांनी पाहिलं होतं की त्यांच्या फॅशन शोमधल्या कृष्णवर्णीय मॉडेल आपल्या रंगाचं फाउंडेशन मिळत नाही म्हणून दोन-तीन मिसळून लावतात. त्यातून १९७३ मध्ये फॅशन फेअर ही कंपनी उभी राहिली. त्या मॉडेल करत होत्या तेच मी आज सोलापुरात आरशासमोर करते आहे. गिऱ्हाईक आहे, हे कळायला आणखी काय हवं?

माझ्यासारख्या ज्या कुणी हे वाचतील, त्यांनी बाटली घेण्याआधी एवढं करावं: फाउंडेशन जबड्यापासून मानेपर्यंत पट्टा ओढून लावायचं, दुकानाबाहेर उजेडात यायचं आणि वीसेक मिनिटं थांबायचं. वाळल्यावर रंग बदलतो. गालाशी जुळवू नका, कारण आपल्यात बऱ्याच जणींचं कपाळ आणि तोंडाभोवतीची त्वचा गालाहून गडद असते. मानेशी आणि गळ्याखालच्या त्वचेशी जुळवा. फ्लॅश लावून एक फोटो काढा. राख असेल तर तिथेच दिसेल.

तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्या आहेत. अकरावी आणि बारावीच्या मधे निदान दोन शेड, एक पिवळसर, एक लालसर, आणि दोन्ही कमी पांढऱ्याच्या बेसवर. बारावीच्या पुढेही शेड हव्यात, कारण माझी धाकटी जाऊ माझ्याहून काळी आहे आणि तिला तुमच्याकडे घेण्यासारखं काहीच नाही. टेस्टर बाराही शेडचे, जिल्ह्याच्या दुकानांतसुद्धा. आणि एसपीएफ नसलेली एक आवृत्ती काढा, सनस्क्रीन मी वेगळं लावते.

कस्टमर केअरने माझी तक्रार 'सोडवली' म्हणून बंद केली आहे. ती पुन्हा उघडावी, आणि उत्तर शेड बनवणाऱ्या विभागाकडून लेखी यावं. बारावीची बाटली अजून थोडी शिल्लक आहे. ती संपेपर्यंत मी वाट पाहीन, त्यानंतर अकरावी घेणार नाही.

आपली,
सोलापूरची एक ग्राहक