बिलाच्या टोटलवरून ठरवायचं की ओळीओळीने?

स्कॅन केलेल्या बिलांमधून मालमत्ता वेगळी काढताना बरेच जण टोटलवर मर्यादा लावतात, काम पटकन होतं पण फसतं. एका बिलात कॉम्प्युटर ४८,०००, सेटअप २,००० आणि कार्ट्रिज ६,००० (जीएसटीचं क्रेडिट घेतलंय म्हणून तो धरायचा नाही), टोटलवाला नियम सगळे ५६,००० मालमत्तेत टाकतो. ओळीओळीने पाहिलं की कार्ट्रिज खर्चात जातं, सेटअप मात्र रक्कम छोटी असली तरी कॉम्प्युटरलाच जोडायचा, इथे माणसाची नजर लागतेच.

मग ५०,००० वर घसारा. नोव्हेंबरात वापर सुरू म्हणजे त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी, म्हणून आयकरात ४०% ऐवजी २०%, १०,०००. पुढच्या वर्षी उरलेल्या ४०,००० वर १६,०००. वापर सुरू केल्याची तारीख बिलावर नसते, ती वेगळी लिहून ठेवा.