लहान मुलांसह आठवडाभराची सहल: स्वतःची गाडी की भाड्याची?

सांगलीहून कोकणात जाण्याचा एकच प्रवास आम्ही दोन वर्षे दोन वेगळ्या पद्धतींनी केला. पहिल्या वर्षी चालकासह भाड्याची सात आसनी गाडी घेतली आणि दुसऱ्या वर्षी घरची गाडी काढली. पहिल्या वेळी मुलगी चार वर्षांची होती आणि मुलगा दीड वर्षाचा. मार्ग दोन्ही वेळा तोच होता: कोल्हापूरवरून आंबा घाट उतरून गणपतीपुळ्यात तीन मुक्काम, तेथून मालवणात तीन मुक्काम आणि परतताना फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे घरी. त्यामुळे तुलना करणे थोडे सोपे गेले, मात्र हा एका कुटुंबाचा अनुभव आहे, एवढे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

आधी पैशांचे पाहू. आपल्याकडे बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान किलोमीटर धरले जातात आणि आम्हाला ते 300 सांगितले होते. सात दिवसांचे 2,100 किलोमीटर होतात. आमची गाडी प्रत्यक्षात फिरली साधारण साडेसातशे, कारण लहान मुले बरोबर असताना माणूस एका ठिकाणी तीन दिवस राहतो, वाळूत बसतो आणि दुपारी झोपतो. प्रति किलोमीटर 15 रुपयांप्रमाणे 31,500 आणि चालकाचा भत्ता रोजचे 400 म्हणजे 2,800 असे मिळून 34,300 रुपये झाले. टोल आणि पार्किंग वेगळे. पुढच्या वर्षी तेवढ्याच अंतराला पेट्रोल सुमारे 50 लिटर लागले, म्हणजे सव्वापाच हजारांच्या आसपास. टायरची झीज आणि सर्व्हिसिंग धरून तो आकडा दुप्पट केला तरी फरक मोठाच राहतो. ओळखीचा गाडीवाला असेल तर दिवसाचे भाडे ठरवून डिझेल आपण भरण्याची बोली करता येते आणि मुक्कामाच्या सहलीला तीच बोली परवडते. मात्र स्वस्तात मिळते म्हणून पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने घेऊ नये, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते.

तरीही माझा निर्णय पैशांवर झाला नाही. तो झाला मागच्या सीटच्या कव्हरमुळे.

मुलासाठी घेतलेली चाइल्ड सीट आम्ही बरोबर नेली होती. पहाटे साडेपाच वाजता गाडी दारात आली, तेव्हा मागच्या सीटवर एकसंध शिवलेले रेक्झिनचे जाड कव्हर होते आणि बेल्ट अडकवण्याची बक्कल त्याखाली गडप झालेली होती. चालककाका स्वभावाने सज्जन होते, पण त्यांना याचे नवल वाटले. "साहेब, मागं कोण बेल्ट लावतंय? बाळाला वहिनींच्या मांडीवर घ्या की," असे ते म्हणाले. मोबाईलच्या उजेडात कव्हरची शिवण उसवून आम्ही एक बक्कल वर काढले. दुसरे बोटांना लागत होते, पण बाहेर येत नव्हते. सीट एका बाजूला कशीबशी बसवून निघेपर्यंत पाऊण तास गेला.

एवढ्यावर भागले असते तर मी तक्रार केली नसती. पण गणपतीपुळ्यातील आमच्या लॉजवर चालकासाठी खोली नव्हती, त्यामुळे काका रात्री मागची सीट आडवी करून गाडीतच झोपत. साहजिकच रोज संध्याकाळी चाइल्ड सीट काढून खोलीत आणावी लागे आणि सकाळी पुन्हा बसवावी लागे. बेल्टने बसवायच्या सीटवर गुडघा रोवून, बेल्ट पूर्ण ओढून तिला खाली दाबावे लागते. नंतर बेल्ट जातो त्या जागी धरून हलवल्यावर ती इंचभरापेक्षा जास्त सरकली, तर बसवणे फुकट. त्या गुळगुळीत रेक्झिनवर ती रोज सरकत असे. चौथ्या दिवशी मालवणला निघताना मी कंटाळलो आणि ती सीट कॅरिअरवर ताडपत्रीखाली बांधली. ही चूक माझी होती, चालकाची नव्हे.

सातव्या दिवशी फोंडा घाटात एका वळणावर पुढची एसटी थांबली आणि काकांनी जोरात ब्रेक दाबला. वेग फार तर तीस असेल. मुलगा पत्नीच्या हातांतून सुटला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटला. कपाळावर टेंगूळ आले, बाकी काही झाले नाही. मांडीवर घट्ट धरलेले मूल तेवढ्या वेगालाही हातात राहत नाही, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. चौदा वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवल्यास मोटार वाहन कायद्यात 1,000 रुपये दंड आहे, हे मला नंतर समजले.

घरच्या गाडीत हीच गोष्ट एकदाच करावी लागली. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे हूक आहेत. चाइल्ड सीट त्यांत ढकलली की टक् असा आवाज होतो आणि खूण हिरवी दिसते. ती सीट आठवडाभर जागची हलली नाही. तिच्या पायाशी कपड्यांचा एक जोड, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पाण्याची बाटली असे. घाटात मुलगी ओकली तेव्हा पाच मिनिटांत आम्ही पुन्हा निघालो. आदल्या वर्षी याच प्रसंगी दोर सोडून कॅरिअरवरची बॅग उतरवावी लागली होती, कारण डिकीत सीएनजीची टाकी होती. शिवाय सीएनजी भरताना सगळ्यांना खाली उतरावे लागते. नुकत्याच झोपलेल्या मुलाला घेऊन पंपावर उभे राहणे काय असते, ते ज्यांनी केले आहे त्यांनाच कळेल.

भाड्याच्या गाडीची एक बाजू मात्र मी मनापासून मान्य करतो. चालक असला की आईबरोबर वडिलांचेही हात मोकळे असतात. दुसऱ्या वर्षी मी स्टिअरिंगवर आणि पत्नी मागे दोन मुलांमध्ये, अशी तिची सातही दिवस ओढाताण झाली. कणकवलीजवळ पंक्चर झाले तेव्हा स्टेपनी लावायला मला चाळीस मिनिटे लागली आणि तेवढा वेळ मुले उन्हात उभी होती. काकांनी ते काम पंधरा मिनिटांत उरकले असते. घरात गाडी चालवणारे एकच माणूस असेल आणि म्हैसूर-कोडगूसारखा रोज अडीचशे-तीनशे किलोमीटरचा बेत असेल, तर किमान किलोमीटरही वाया जात नाहीत. तिथे मी बहुधा भाड्याचीच गाडी घेईन. कोकणासारख्या मुक्कामाच्या सहलीला मात्र मला आता घरचीच गाडी बरी वाटते.

ज्यांना तरीही भाड्याची घ्यायची आहे त्यांनी चालकाच्या खोलीचे पैसे स्वतः भरावेत, म्हणजे गाडी रात्री रिकामी करावी लागणार नाही. बोली पक्की करण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी गाडी समोर बोलवावी आणि मागच्या सीटच्या फटीत हात घालून पाहावे. दोन्ही बाजूंची बक्कल हाताला लागून वर आली, तरच आगाऊ रक्कम द्यावी.