मुदत ठेवीचा 9.25 टक्के ‘यील्ड’ आणि माझी चुकलेली EFFECT

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. चक्रवाढ व्याज आठवीला असतं, म्हणजे मुद्दल, दर, मुदत, रास हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील त्याची गणती नाही. तरीही फसले, आणि फसले ती नेमकी चक्रवाढ व्याजातच. हे आधीच सांगते, कारण ‘शिकलेली माणसं फसत नाहीत’ असं मलाही वाटायचं.

2019 सालची गोष्ट. माझ्या फंडाच्या पैशांतली चार लाखांची बँकेतली ठेव पिकली होती. बँकेतल्या मुलीने पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवण्याचा फॉर्म अर्धा भरूनही दिला होता. ज्येष्ठ नागरिकांचा दर 7.75 टक्के, व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळणार. उद्या येऊन सही करते म्हणाले आणि घरी आले. संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी आला. तो आता विमा, ठेवी, म्युच्युअल फंड सगळंच विकतो. चहा घेता घेता त्याने एका वित्त कंपनीचं रंगीत पत्रक पुढे केलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 9.25%.

“बाई, बँकेपेक्षा सरळ दीड टक्का जास्त. तुम्हाला मी काय गणित सांगणार!”

मी आकडा तपासला नाही असं नाही. मी तपासला, आणि म्हणूनच जास्त चीड येते. निकालपत्रकं एक्सेलमध्ये करायची सवय होती, त्यामुळे तिमाही चक्रवाढ झाल्यावर वर्षाचा खरा दर किती पडतो हे काढायचं फंक्शन मला ठाऊक होतं. पुतण्याच्या लॅपटॉपवर मी दोन ओळी लिहिल्या.

```
=EFFECT(7.75%,4)
=EFFECT(9.25%,4)
```

पहिला आकडा म्हणजे वर्षाचा सांगितलेला दर, दुसरा म्हणजे वर्षातून किती वेळा व्याज मुद्दलात मिळतं. तिमाहीला 4, दरमहा असेल तर 12. बँकेचं उत्तर आलं 7.98%, कंपनीचं 9.58%. चार लाखांवर पाच वर्षांनी कंपनीकडून 6,31,879 रुपये मिळतील असा हिशेब मी वहीत लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले ती पैसे काढायला.

तीन आठवड्यांनी पोस्टाने ठेवीची पावती आली. पाकीट फोडून नाव आणि मुद्दल पाहिलं, वारसाचं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं आणि कपाटात ठेवली. पुढे महिन्याभराने कर भरणाऱ्या माणसाने पावतीची प्रत मागितली, तेव्हा पहिल्यांदा खालची ओळ वाचली. मुदतीअंती मिळणारी रक्कम 5,85,015 रुपये. वहीतल्या आकड्यापेक्षा 46,864 ने कमी.

आधी वाटलं, छपाईची चूक असेल. मग पत्रक शोधून काढलं आणि भिंगाने वाचलं. 9.25 च्या शेजारी एक फुली होती. तळाला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा ‘वार्षिक सरासरी यील्ड’ आहे. आणि त्याहून खाली, दर 7.90 टक्के, चक्रवाढ वार्षिक.

हा 9.25 कुठून आला ते मी रात्री कागदावर सोडवलं. शंभर रुपये 7.9 टक्क्यांनी पाच वर्षं वाढले की 146.25 होतात. म्हणजे व्याज 46.25. त्याला पाचने भागलं की 9.25. बस, एवढंच. चक्रवाढीने वाढलेलं व्याज घ्यायचं आणि सरळव्याजाच्या पद्धतीने वर्षांत वाटून टाकायचं. आठवीच्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी लाल शाईने ‘रीत चुकली’ लिहिलं असतं. पण भागाकार बरोबर आहे, आकडा खोटा नाही. लबाडी अशी की तो आकडा दर असल्यासारखा वर छापलाय.

याची एक सोपी खूण सांगते, कारण ती मला फार उशिरा सापडली. असा यील्ड मुदतीबरोबर फुगतो. तोच 7.9 टक्के दर घ्या. तीन वर्षांना यील्ड येतो 8.54, पाच वर्षांना 9.25 आणि दहा वर्षांना 11.39. दर तसूभरही बदललेला नाही, पैसे त्याच वेगाने वाढताहेत, तरी आकडा मुदत लांबली की वर चढतो. खरा वार्षिक दर असा वागत नाही. 7.9 टक्के वार्षिक चक्रवाढीला तो एका वर्षालाही 7.9 असतो आणि दहा वर्षांनाही 7.9.

आता माझ्या EFFECT चं काय चुकलं ते. हे फंक्शन तुम्ही दिलेला पहिला आकडा नाममात्र दर आहे असं धरून चालतं. त्या आकड्याला ते वर्षातल्या हप्त्यांच्या संख्येने भागतं आणि तेवढ्या वेळा चक्रवाढ लावतं. मी दिला तो दर नव्हताच. तो आधीच फुगवलेला आकडा होता, आणि मी त्यावर आणखी एकदा चक्रवाढ चढवली, तीही तिमाही, जी कंपनी देतच नव्हती. माझ्या मनात बँकेचं ‘तिमाही’ होतं, तेच मी डोळे झाकून इकडेही टाकलं. पत्रकात किती वेळा व्याज मिळतं हे विचारलंच नाही. खरी जोडी अशी हवी होती:

```
=EFFECT(7.75%,4)
=EFFECT(7.9%,1)
```

पहिल्याचं उत्तर 7.98%, दुसऱ्याचं 7.90%. म्हणजे दीड टक्का जास्त सोडाच, मी कमी दराकडे पैसे नेले होते. बँकेत तेच चार लाख पाच वर्षांनी 5,87,137 झाले असते. फरक 2,122 रुपयांचा, फार मोठा नाही. पण बँकेच्या ठेवीला विमा असतो (तेव्हा एक लाखापर्यंत, फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत) आणि वित्त कंपनीच्या ठेवीला तो अजिबात नसतो. कमी व्याज आणि जास्त धोका, असा सौदा मी हौसेने केला होता.

इथे एक्सेलची एक गंमत सांगायला हवी. नव्या जोडीची उत्तरं आधी मला सारखीच दिसली, दोन्हीकडे 8%. सेलमध्ये दशांश स्थळं शून्य ठेवली होती. ती दोन केल्यावर 7.98 आणि 7.90 वेगळे झाले. ठेवींच्या दरांतला फरक बहुतेक वेळा दशांशातच असतो, म्हणून आधी ती दोन स्थळं उघडी करावीत. आणि दर लिहिताना टक्क्याचं चिन्ह विसरलं, नुसतं 7.75 लिहिलं, तर उत्तर 73.46 असं काहीतरी येतं. ते इतकं वेडगळ असतं की चूक लगेच कळते. माझी चूक मात्र 9.58 सारखी सभ्य दिसत होती.

पावती हातात असली की आणखी खात्रीची उलटतपासणी करता येते. तिथे पत्रकावर विश्वास ठेवायची गरजच नाही. मुदतीअंतीची रक्कम भागिले मुद्दल, त्याचं जितकी वर्षं तितकं मूळ, वजा एक.

```
=(585015/400000)^(1/5)-1
```

याचं उत्तर 7.90% येतं, आणि ते खोटं बोलू शकत नाही, कारण पैसे तेवढेच मिळणार असतात. विक्रेता दर सांगायला कचरला तरी ‘एक लाखाचे पाच वर्षांनी किती?’ हे त्याला सांगावंच लागतं. या सूत्राची अट एकच. व्याज मध्ये काढून न घेता मुद्दलातच साठलेलं हवं. दर तिमाहीला व्याज खात्यात जमा होणारी ठेव असेल तर चक्रवाढ होतच नाही, आणि तिथे EFFECT चा आकडा दाखवणं हीसुद्धा तशीच फसवणूक. शेजारच्या काकूंना असाच एक आकडा दाखवलेला मी पुढे पाहिला. त्या तर दर तीन महिन्यांनी व्याज काढून किराणा भरत होत्या.

ठेव मोडायचा विचार केला. नियम विचारले तर कळलं की तीन महिन्यांच्या आत पैसे मिळतच नाहीत. तीन ते सहा महिन्यांत मोडली तर मुद्दल मिळतं, व्याज शून्य. सहा महिन्यांनंतर मोडली तर जेवढा काळ ठेव राहिली त्या काळाच्या दरापेक्षा दोन टक्के कमी. हिशेब करून पाहिला आणि गप्प बसले. 2024 मध्ये 5,85,015 रुपये ठरल्या दिवशी आले, एवढं मात्र खरं. कंपनी बुडाली नाही, म्हणून मी नशीबवान.

त्या विद्यार्थ्याला मी विचारलं होतं. तो म्हणाला, “बाई, कंपनीच तसं छापते. आम्हाला पत्रक देतात, आम्ही तेच देतो.” त्याला माहीत होतं की नव्हतं हे मला आजही कळलेलं नाही. माहीत नसेल तर आठवीला माझंच काहीतरी चुकलं, असा विचारही मनात येऊन गेला. पण आमच्या पुस्तकातल्या उदाहरणांत दराच्या आधी ‘द.सा.द.शे.’ लिहिलेलं असायचं. दरसाल दर शेकडा. मुलं कंटाळायची त्या चार अक्षरांना. त्या पत्रकावर 9.25 च्या आधी काहीच नव्हतं, आणि मलाही त्या दिवशी ती अक्षरं आठवली नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर त्याने नवीन पत्रकाचा फोटो पाठवला. वर 9.39%. मी उलट विचारलं, “द.सा.द.शे. किती, आणि वर्षातून किती वेळा?” दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: “8 टक्के बाई, एकदा.” पाच वर्षांची रास काढली तर 1.4693, वजा एक, भागिले पाच, 9.39. तोच भागाकार. फॉर्म यावेळी बँकेतच भरला, तिथला दर 7.9 आणि तिमाही.

```
=EFFECT(7.9%,4)
```

8.14%.