डिसेंबरचा स्क्रीनशॉट: उरलेली ईएल घ्यावी, विकावी की पुढे न्यावी?

मावसभावाने 10 डिसेंबरला पोर्टलचा स्क्रीनशॉट पाठवला. ईएलच्या, म्हणजे अर्जित रजेच्या ओळीत `Opening` 40, `Credited` 16.5, `Availed` 6, `Pending` 3 आणि `Balance` 50.5. खाली त्याचा प्रश्न: "कॅरी फॉरवर्ड 45 चं आहे, म्हणजे माझे साडेपाच दिवस बुडणार ना?"

नाही. बऱ्याच पोर्टलवर मंजुरी बाकी असलेली रजा बॅलन्समधून वजा झालेली नसते, त्याच्याही नव्हती. शिवाय त्याच्याकडे महिन्याची दीड ईएल महिनाअखेरीस जमा होते. 16.5 म्हणजे अकराच महिने; डिसेंबरची यायचीच आहे.

```
40 + 16.5 - 6 - 3 + 1.5 = 49
49 - 45 = 4
```

म्हणजे प्रश्न चार दिवसांचा. `Pending`मधली रजा नामंजूर झाली तर मात्र सातचा.

त्याची कंपनी 45 च्या वरचे दिवस विकत घेते, पण दर फक्त बेसिकचा. बेसिक 30,000 असेल आणि भागाकार 30 ने होत असेल, तर चार दिवसांचे 4,000. 26 ने असेल तर सुमारे 4,615. भागाकार स्क्रीनशॉटवर दिसत नाही, एचआरलाच विचारावा लागतो. उलट 28 ते 31 डिसेंबर सुट्टी घेतली तर ग्रॉस 60,000 च्या हिशेबाने 8,000 रुपयांचा पगार घरी बसून मिळतो. माझ्या मते पैशांची नड नसेल तर सुट्टीच घ्यावी.

45 च्या आतले दिवसही काही कंपन्या विकू देतात. तिथे मी हात आखडता घेईन. नोकरीत असताना मिळालेली ही रक्कम पगारात धरून करपात्र होते. राजीनामा किंवा निवृत्तीच्या वेळी मिळाली, तर खासगी नोकरदाराला ठरावीक अटींवर आयुष्यभरात मिळून 25 लाखांपर्यंत सूट आहे आणि हिशेबही सहसा तेव्हाच्या, वाढलेल्या बेसिकवर होतो.

पण सुट्टीचा अर्ज आजच टाकायला हवा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही साठवणुकीची मर्यादा 45 दिवसांचीच आहे, आणि पंधरा दिवस आधी मागितलेली रजा नाकारली तर 45 च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. (व्यवस्थापकीय पदावरच्यांना हा कायदा लागू नाही.) तोंडी विचारणा नको, अर्ज पोर्टलवरच हवा.

त्याच स्क्रीनशॉटमध्ये खालच्या ओळीत सीएल, म्हणजे किरकोळ रजा, 2 शिल्लक होत्या. त्या 31 डिसेंबरला बुडतात आणि विकताही येत नाहीत. मी त्याला `Pending`मधल्या तीन ईएलपैकी दोन रद्द करून तिथे सीएल टाकायला सांगितलं. ईएल 51 झाल्या, जादा दिवस सहा. त्याच्याकडे सीएलला जोडून ईएल चालते. जिथे चालत नाही तिथे सुट्टीचा पूर्ण तुकडा ईएलमध्ये कापला जातो आणि सीएल तशाच बुडतात.