चादरीच्या दुकानाला व्हॉट्सॲप बिझनेस: फुकट आहे, पण रात्री गप्प का बसतं?

कॅटलॉगला पैकीच्या पैकी देऊन हा अभिप्राय संपवायचा होता. सोलापुरात आमचं चादर-टॉवेलचं छोटं दुकान. पुण्याची गिऱ्हाइकं रोज फोटो मागायची, आता लिंक पाठवली की काम होतं. वस्तूला कोड टाकायची जागा आहे, तिथे मी रॅकचा नंबर लिहितो. गिऱ्हाइकाने "वहिनी, ब-४ मधली लाल" म्हटलं की बायको थेट काढून देते. कटकट एवढीच, की यादीत फोटो चौकोनी कापला जातो आणि आडव्या चादरीचा काठ उडतो. म्हणून घडी घातलेलीच टिपायची. उघडलेली चादर त्याच वस्तूत पुढचा फोटो म्हणून टाकायची.

पण दिवाळीनंतर मत बदललं, कारण अवे मेसेज, म्हणजे दुकान बंद असताना गिऱ्हाइकाला आपोआप जाणारा निरोप. वेळ 'कामकाजाच्या वेळेबाहेर' अशी ठेवली होती, प्रोफाइलमध्ये तासही भरलेले. तरी नांदेडच्या एका बाई म्हणाल्या, "रात्रभर एकच टिक होती ओ, नंबर बंद वाटला, दुसरीकडून घेतल्या."

त्या एका टिकमध्येच सगळं आलं. हा निरोप आपला फोनच पाठवतो, आणि फोनला इंटरनेट असेल तरच. दुकानाचा फोन गल्ल्यात राहतो, वायफायवर चालतो. रात्री शटर ओढताना मेन स्विच पाडला की राउटर झोपतो. दोन टिका येऊनही निरोप गेला नसता, तर सेटिंगमध्ये शोधलं असतं. एकच टिक म्हणजे आपल्या फोनपर्यंत काही पोचलंच नाही.

एका फोनसाठी वेगळं रिचार्ज मारायला मी काही तयार नाही. फोन घरी न्यायचा आणि घरच्या वायफायवर ठेवायचा, खर्च शून्य. तेव्हापासून निरोप बरोबर जातो.

कोणाला जावा, हेही बघा. 'ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना' निवडलं तर नंबर सेव्ह केलेली जुनी गिऱ्हाइकं उपाशी राहतात. मी 'यांना सोडून सर्वांना' घेतलंय आणि त्यात कारखानदार नि घरचे टाकलेत, नाहीतर मेहुण्यालासुद्धा "आपला संदेश मिळाला" जायचं. गड्ड्याच्या यात्रेत दुकान बंद असतं, तेव्हा वेळ 'ठरावीक काळासाठी' करून सुरुवात-शेवटाची तारीख टाकतो.

क्विक रिप्लाय मात्र खरा कामाचा निघाला, याची अपेक्षा नव्हती. `/rate` टाइप केलं की माप, भाव आणि कुरिअरचा खर्च असा अख्खा मजकूर समोर येतो. पाठवण्याआधी बदलताही येतो. भाव वाढला की तो मजकूर आणि कॅटलॉगमधली किंमत दोन्ही वेगवेगळी बदलावी लागतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून भाव मी क्विक रिप्लायमध्येच ठेवलाय, कॅटलॉगमधला किमतीचा रकाना रिकामा. चालतो रिकामा. आणि संपलेला रंग डिलीट न करता लपवतो, माल आला की पुन्हा दाखवतो.