परदेशी पासपोर्टवर पॅन: अपोस्टिल की दूतावासाचा शिक्का?

हातात भारतीय पासपोर्ट असेल, तर हा प्रश्न तुमचा नाही. अनिवासी भारतीयांचा अर्ज माझ्या वेळी ४९ए होता, आणि त्याला स्वतः सही केलेल्या झेरॉक्स चालायच्या. अडचण होते ती नागरिकत्व बदललेल्यांची. मी कॅलिफोर्नियात राहतो, ओसीआय आहे, आणि वडिलोपार्जित फ्लॅटमधला हिस्सा विकताना मला पॅन लागलं. माझ्या वेळी त्यासाठी फॉर्म ४९एए होता. त्यात परदेशातला पत्ता चालायचा, फक्त कार्ड बाहेर पाठवायचं म्हणून शुल्क हजार रुपयांच्या थोडं वर जायचं.

खरा निर्णय कागदांचा. ओळखीसाठी पासपोर्ट आणि पत्त्यासाठी तिथल्या बँकेचं स्टेटमेंट, दोन्ही साक्षांकित हवीत. अमेरिकी पासपोर्टवर पत्ता आपणच पेनाने लिहितो, म्हणून मी स्टेटमेंटही जोडलं. साक्षांकन अपोस्टिलने, म्हणजे हेग करारातल्या देशांत एकमेकांकडे चालणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राने करा, किंवा भारतीय वाणिज्य दूतावासातून. भारतीय बँकेच्या परदेशी शाखेतल्या अधिकाऱ्याचंही चालतं, पण तशी शाखा माझ्या जवळपास नव्हती.

मी आधी अपोस्टिल केलं. रजा नको, अपॉइंटमेंट नको, सगळं टपालाने होतं आणि सॅक्रामेंटोच्या कचेरीत एका अपोस्टिलला २० डॉलर पडतात. पण कॅलिफोर्नियात नोटरीला पासपोर्टची प्रत प्रमाणित करता येत नाही. 'ही प्रत खरी आहे' असं निवेदन आपणच शपथेवर लिहायचं, नोटरी त्या सहीला साक्ष राहतो, आणि अपोस्टिल मिळतं ते नोटरीच्या सहीला. म्हणजे तीन कागद पिनेने जोडलेले, आणि खुद्द पासपोर्टच्या पानावर एकही शिक्का नाही! माझ्या अर्जावर नेमकी हीच हरकत आली, प्रत साक्षांकित दिसत नाही म्हणून. पुन्हा टपाल, पुन्हा वाट, आणि तिकडे खरेदीदार ताटकळलेला.

दुसऱ्यांदा दूतावासाकडे गेलो. अपॉइंटमेंटसाठी थांबावं लागलं, गाडीने जाऊन-येऊन एक दिवस मोडला. पण शिक्का आणि अधिकाऱ्याची सही थेट झेरॉक्सवर आली. कागद एक, शंका शून्य. त्यानंतर अर्ज अडला नाही.

हा एकट्याचा अनुभव आहे, आणि नोटरीचे नियम राज्यागणिक बदलतात. तुमच्याकडे नोटरी प्रतीवरच प्रमाणपत्र देत असेल आणि दूतावास विमानाच्या अंतरावर असेल, तर अपोस्टिल सोयीचं ठरेल. कॅनडात ते ११ जानेवारी २०२४ पासून मिळतं. अमिरातीत मात्र अपोस्टिल हा पर्यायच नाही. पण दूतावास दिवसभरात गाठता येत असेल, तर मी तिकडेच जा म्हणेन. आणि खिडकी सोडण्याआधी एवढं बघा, की शिक्का फोटोच्या पानावर आहे आणि सहीखाली अधिकाऱ्याचं नाव व पद वाचता येतंय.