पावलांचे आवाज: चित्र पाहून चालावे की सुटी पावले जोडावीत?

ॲनिमेशनपटातील पात्राच्या चालण्यासाठी सुटी पावले ध्वनिमुद्रित करून पात्राची टाच टेकते त्या फ्रेमवर बसवली, तर वेळ अचूक जुळते. मात्र तोच नमुना लागोपाठ आला, की यांत्रिक टकटक कानाला लगेच खटकते. याउलट, ध्वनिकलाकार पडद्यावरचे चित्र पाहत माइकसमोर जागच्या जागी चालल्यास टाच व चवड्याचे वेगळे आवाज, वळताना घासणारा तळवा आणि थकलेल्या पात्राची मंदावणारी लय एकाच प्रवाहात मिळते. सेकंदाला २४ फ्रेम असलेल्या चित्रात एका फ्रेमची, म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंदांची चूक नंतर आवाज सरकवून सुधारता येते; निर्जीव लय सुधारत नाही. म्हणून पावले आणि कापडाची सळसळ चित्र पाहूनच, पण वेगवेगळ्या ट्रॅकवर करावी. दाराची कडी, बिजागरी आणि चौकटीवरचा आघात मात्र सुटेच घ्यावेत, कारण रेखाटलेले दार खऱ्या दाराच्या वेगाने क्वचितच मिटते.